आधी कोरडे, मग ओले: अंड्याविना कॉफीची थंड मिठाई

कॉफीत भिजवलेली स्पंज फिंगर आणि फेटलेली मलई यांचे थर देऊन केलेली इटालियन मिठाई, म्हणजे तिरामिसू, आता मराठी घरांना अनोळखी राहिलेली नाही. दिवाळीच्या फराळानंतर काहीतरी थंड आणि कमी गोड हवे म्हणून ती हौसेने केली जाते, आणि दिवाळी चातुर्मासातच येत असल्यामुळे अनेक घरांत ती अंड्याविना करावी लागते. बहुतेक कृतींमध्ये या बदलाचा अर्थ 'अंडे वगळा, बाकी सगळे तसेच' एवढाच लावलेला असतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. या पदार्थात अंडे चवीपुरते नसते, ते दोन ठिकाणी भार पेलते. फिंगरमध्ये ते भिजलेला स्पंज उभा धरते आणि मलईत ते दाटपणा देते. ते काढले की ही दोन्ही कामे दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावी लागतात. अंड्याविना पदार्थात फिंगरचे काम कोरडेपणा करतो आणि मलईचे काम थंडावा करतो, असे माझे म्हणणे आहे. म्हणून या कृतीत भिजवण्याचा वेळ आणि फ्रीजमधला वेळ यांना शेवटच्या ओळीतल्या सूचनेची जागा देऊन चालणार नाही. खरी कृती तीच आहे.

हे म्हणणे तपासायला चिपळूण तालुक्यातले अलोरे योग्य ठिकाण आहे. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याजवळचे, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे वाढलेले हे गाव. पावसाळ्यात इथे हवेतला ओलावा इतका असतो की डब्याचे झाकण सैल राहिले तरी बिस्किटे सादळतात, आणि पाऊस ओसरला की ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. स्वयंपाकघरात तिशीच्या वरचे तापमान ही तेव्हा रोजची गोष्ट असते. म्हणजे कोरडेपणा आणि थंडावा या ज्या दोन गोष्टींवर अंड्याविना मिठाई उभी राहते, त्याच इथे सहज मिळत नाहीत. थंड, कोरड्या हवेत बेतलेली कृती इथे जशीच्या तशी का फसते हे समजले, तर कोकणात कुठेही ती नीट बसवता येईल.

मूळ पदार्थात अंडे काय करते ते आधी पाहू. इटलीच्या त्रेव्हिझो शहरातल्या 'ले बेक्केरिए' या उपाहारगृहाशी १९७०च्या सुमाराच्या ज्या तिरामिसूचे नाव जोडले जाते, त्यात अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर फेटून मस्कार्पोने या घट्ट मलईदार चीजमध्ये मिसळलेला असे. खाली आणि मध्ये सावोयार्दी ही स्पंज फिंगर. ही फिंगर अंड्याचा पांढरा आणि पिवळा भाग वेगवेगळा फेटून, त्यात मैदा हलक्या हाताने मिसळून भाजतात. वेगळे लोणी किंवा तेल त्यात घालत नाहीत. भाजताना अंड्यातली प्रथिने घट्ट होतात आणि हवेच्या असंख्य बारीक कप्प्यांच्या भिंती पक्क्या होतात. अशी फिंगर कॉफी झपाट्याने पिते, मऊ पडते, पण तिच्या भिंती लगेच कोसळत नाहीत, कारण घट्ट झालेले प्रथिन पाण्यात विरघळत नाही.

अंड्याविना स्पंजची रचना निराळी असते. तो दही आणि सोड्याच्या वायूने फुगतो. त्याच्या कप्प्यांच्या भिंती मैद्यातल्या स्टार्चच्या आणि थोड्याफार ग्लुटेनच्या असतात, आणि मऊपणासाठी घातलेले तेल त्या भिंतींत मुरलेले असते. ताजा स्पंज खायला छान लागतो, पण कॉफीत बुडवला की त्याचा लगदा होतो. ताज्या स्पंजमध्ये आधीच तीस टक्क्यांच्या आसपास पाणी असते, त्यात बाहेरून आणखी पाणी आले की स्टार्चच्या भिंतींना धरून ठेवणारे काही उरत नाही. यावरचा उपाय आपल्या बेकऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. केक रस्क म्हणजे दुसरे काय, स्पंजचे काप पुन्हा मंद भट्टीत वाळवलेले. दुसऱ्या भाजणीत पाणी उडते, भिंती कडक होतात आणि कप्पे रिकामे होतात. कॉफीने भरायची जागा तीच. म्हणून अंड्याविना तिरामिसूची पहिली अट अशी की फिंगर केकसारखी नरम नको, टोस्टसारखी कुरकुरीत हवी.

आता प्रत्यक्ष माप घेऊ. सहा ते आठ जणांसाठी २० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर खोल काचेचे भांडे धरले, तर दोन थरांना मिळून ३६ फिंगर लागतात. त्यासाठी १५० ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, ९० ग्रॅम पिठीसाखर, १२० ग्रॅम ताजे दही, ४५ ग्रॅम तेल, ६० मिलिलिटर दूध, एक लहान चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा लहान चमचा सोडा, हे मिश्रण २८ बाय २० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये पसरून १८० अंशांवर २० ते २५ मिनिटे भाजावे. स्पंज पूर्ण थंड होऊ द्यावा, गरम असताना कापला तर चुरा होतो. मग ७ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद अशा ४० फिंगर कापाव्यात आणि ट्रेमध्ये एकमेकींना न चिकटवता मांडून १२० ते १३० अंशांवर पाऊण तास वाळवाव्यात, मध्ये एकदा उलटून. वाळल्याची खूण रंगात शोधू नये, वजनात शोधावी. सगळ्या फिंगरचे वजन साधारण चौथ्या हिश्शाने घटले पाहिजे. एकेक फिंगर जेमतेम ८ ग्रॅमची होते. वजनकाटा नसेल तर एक फिंगर थंड करून मोडून पाहावी. आतपर्यंत कडकन मोडली तर वाळली, मध्यभागी वाकली तर नाही.

अलोऱ्यासारख्या हवेत इथेच पहिला धोका आहे. वाळलेली फिंगर उघडी राहिली तर हवेतला ओलावा ओढून घेते, आणि दमट दिवशी तासाभरात तिचा कडकपणा जातो. सादळलेली फिंगर दिसायला तशीच असते, पण भिंती आधीच सैल पडल्यामुळे कॉफीत ती लवकर बसते. म्हणून भट्टीतून काढून गार झाल्याबरोबर ती हवाबंद डब्यात गेली पाहिजे, आणि थर लावण्याआधी एक मोडून पाहिली पाहिजे. नरम लागली तर १२० अंशांवर १० मिनिटे पुन्हा ठेवून पूर्ण गार करून घ्यावी. विकतचे अंड्याविना केक रस्क वापरले तरी हाच नियम. पाकिटावर हिरव्या ठिपक्याचे चिन्ह आहे ना हे पाहावे, कारण आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अंडे असलेल्या पदार्थाला ते मिळत नाही, आणि नेहमीचा केक रस्क बहुधा अंड्याचाच असतो.

भिजवण्याच्या वेळेबद्दल कृतींमध्ये 'पटकन बुडवून काढा' किंवा 'दोन सेकंद' असे लिहिलेले असते. सेकंदांचा हा आकडा फसवा आहे, कारण कॉफी फिंगरमध्ये कशी शिरते याचा त्यात विचार नाही. सच्छिद्र पदार्थात द्रव केशाकर्षणाने चढतो, आणि त्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. पुढे तो मंदावत जातो. दुप्पट खोल जायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की पहिल्याच सेकंदात निम्मा खेळ आटोपतो, आणि तिथला अर्ध्या सेकंदाचा फरक नंतरच्या तेवढ्याच फरकापेक्षा भारी पडतो. त्यात कॉफी गरम असेल तर ती पातळ असते, भराभर शिरते आणि भिंतींतले तेल व स्टार्च दोन्ही सैल करते. थंड कॉफी सावकाश शिरते, त्यामुळे हात सावरायला वेळ मिळतो. थंड देशांतल्या कृतींत 'खोलीच्या तापमानाची कॉफी' असते ती विशीच्या आसपासची. अलोऱ्याच्या खोलीत ती तिशीची असते. म्हणून इथे कॉफी करून तासभर फ्रीजमध्ये ठेवणे हा भिजवण्याच्या वेळेवर ताबा मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

सेकंदांऐवजी वजन धरावे. ८ ग्रॅमच्या अंड्याविना फिंगरने ७ ग्रॅमच्या आसपास कॉफी प्यावी, म्हणजे बुडवल्यावर ती १५ ग्रॅमची व्हावी. अंड्याची फिंगर स्वतःच्या वजनाइतकी किंवा थोडी जास्तही कॉफी पेलते. अंड्याविना फिंगरला तेवढी देऊ नये. ३६ फिंगर मिळून २५० मिलिलिटर कॉफी पितात, म्हणून ३०० मिलिलिटर करावी. तेवढ्या पाण्याला १२ ते १५ ग्रॅम इन्स्टंट कॉफी आणि दोन लहान चमचे साखर पुरते. चिकोरी असलेली फिल्टर कॉफीही चालते, तिचा कडवटपणा मलईत उठून दिसतो. थर लावण्याआधी पहिल्या दोन फिंगर चाचणीसाठी खर्च कराव्यात. पसरट ताटलीत बोटभर कॉफी घेऊन एक बाजू एक सेकंद, उलटून दुसरी बाजू एक सेकंद, मग काट्यावर ठेवावी. १३ ग्रॅम भरली तर पुढचीला थोडे जास्त थांबावे, १८ भरली तर बुडवणे सोडून नुसते टेकवून उचलावे. काटा नसेल तर एक मिनिट थांबून फिंगर आडवी कापावी. मध्यभागी ३ ते ४ मिलिमीटर जाडीची फिकी, कोरडी रेघ दिसली तर माप बरोबर. ही रेघ राहू देणे अनेकांना चूक वाटते आणि ते फिंगर पूर्ण भिजेपर्यंत धरून ठेवतात. पण ती रेघ पुढे फ्रीजमध्ये मिटायची आहे. ताटलीतच मिटवली तर फ्रीजमध्ये येणारे पाणी घ्यायला फिंगरमध्ये जागाच उरत नाही.

मलईकडे वळू. मस्कार्पोने छोट्या गावात मिळणे कठीण, पण आपल्याकडे त्याची जागा घेऊ शकणारा चक्का घरोघर होतो. दोन्ही पदार्थ आंबटाने दूध किंवा मलई घट्ट करून आणि पाणी निथळवून तयार होतात. फरक असा की मस्कार्पोने मुख्यतः स्निग्धांशावर उभे असते आणि चक्का दुधातल्या प्रथिनांवर. अंड्याच्या बलकाने दिलेला दाटपणा हे प्रथिन भरून काढते. सायीसकट दुधाचे, अजिबात आंबट न झालेले ५०० ग्रॅम दही फडक्यात बांधून टांगले की २०० ग्रॅम चक्का मिळतो. पण ते बाहेर टांगू नये. उकाड्यात निथळता निथळता दही आंबत जाते आणि तो आंबटपणा कॉफीशी भांडतो. चाळणीवर फडके, फडक्यात दही, खाली वाडगे, आणि हे सगळे रात्रभर फ्रीजमध्ये, अशी रचना करावी. सकाळी चक्का बारीक चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढून गुळगुळीत करावा, पण त्यात साखर घालू नये. श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे की साखर पडताच चक्का सैल होतो. इथे आपल्याला तो घट्टच हवा आहे, म्हणून ६० ग्रॅम पिठीसाखर फेटायच्या मलईत घालावी.

फेटायची मलई म्हणजे निदान ३० टक्के स्निग्धांशाची, २५० मिलिलिटर. भाजीत घालायच्या फ्रेश क्रीममध्ये २० ते २५ टक्केच असतो आणि ते कितीही फेटले तरी उभे राहत नाही. कारण फेटताना हवेचे बुडबुडे धरून ठेवण्याचे काम स्निग्धांशाचे कण करतात. ते पुरेसे हवेत आणि अर्धवट घट्ट हवेत. पूर्ण वितळलेल्या कणांची साखळी बनत नाही. मलई ८ अंशांच्या खाली असेल तेव्हाच हे कण योग्य स्थितीत असतात, आणि ते तसे व्हायला वेळ लागतो. चिपळूणहून आणताना वाटेत कोमट झालेले क्रीम फ्रीजमध्ये तासभर ठेवून भागत नाही. रात्रभर ठेवावे. फेटायचे भांडे आणि रवीची पाती आधी थंड करावीत आणि भांड्याखाली बर्फाचे पाणी ठेवावे, कारण तिशीच्या खोलीत फेटण्याची पाच मिनिटेही मलई तापवायला पुरतात. पाती उचलल्यावर टोक उभे राहून किंचित झुकले की थांबावे. पुढे फेटले तर मलई पिवळसर, रवाळ होते आणि लोणी सुटू लागते. तिथून परत फिरता येत नाही. थंड चक्का दोन-तीन वेळा करून पलित्याने हलकेच मिसळावा. मग फिंगरचा थर, मलई, पुन्हा फिंगर, पुन्हा मलई.

आता हवाबंद झाकण लावून भांडे फ्रीजमध्ये जाते, आणि इथून पुढचा काळ थांबण्याचा आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात या काळात तीन कामे एकामागून एक चालतात. पहिले निव्वळ थंड होण्याचे. मलईत हवा भरलेली असल्याने ती उष्णता सावकाश सोडते, आणि ६ सेंटिमीटर जाडीचा हा थर मध्यापर्यंत थंड व्हायला चार ते सहा तास घेतो. दुसरे काम मलई घट्ट होण्याचे. फेटताना आणि मिसळताना जो स्निग्धांश थोडा सैल झाला, तो थंडीत पुन्हा गोठतो आणि बुडबुड्यांची साखळी पक्की करतो. तिसरे आणि सर्वांत सावकाश काम पाण्याच्या वाटणीचे. फिंगरच्या बाहेरच्या भागातली कॉफी आतल्या कोरड्या रेघेकडे जाते, आणि मलईतले थोडे पाणीही फिंगरकडे ओढले जाते. फिंगर सगळीकडून सारखी मऊ होते आणि तिने पाणी घेतल्यामुळे मलई आणखी दाट होते. म्हणून चार तासांनी हा पदार्थ नुसता थंड असतो, तयार नसतो. बारा तासांनी तो कापता येतो, आणि बारा ते चोवीस तासांदरम्यान उत्तम लागतो. अठ्ठेचाळीस तासांनंतर स्टार्चच्या भिंती ढासळतात, म्हणून दोन दिवसांत संपवावा. झाकण फक्त ओलाव्यासाठी नसते. मलई वास धरते, आणि कोकणातल्या फ्रीजमध्ये मासळी असण्याचा संभव मोठा.

एवढा वेळ कशाला, फ्रीझरमध्ये तासाभरात होईल, असा आक्षेप नेहमी येतो. फ्रीझर पहिले काम लवकर करतो हे खरे, पण तिसरे थांबवतो, कारण गोठलेले पाणी एका जागेहून दुसरीकडे जात नाही. शिवाय बर्फाचे स्फटिक बुडबुड्यांच्या भिंती फोडतात आणि बाहेर काढल्यावर पाणी सुटते. वरून कडक, आतून कोरडी रेघ तशीच, आणि बशीत ओघळ, असा तो निकाल असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वनस्पती तेलापासून केलेले, बेकरीच्या सामानाच्या दुकानात गोठवलेले मिळणारे नॉन-डेअरी क्रीम उकाड्यात दुधाच्या मलईपेक्षा कितीतरी जास्त टिकते. मग अलोऱ्यात दुधाच्या मलईचा हट्ट का? त्या क्रीममधला स्निग्धांश विशी-पंचविशीच्या तापमानातही घट्ट राहतो, म्हणून ते उभे राहते, आणि भांडे गाडीतून न्यायचे असेल तर निम्मे तसे क्रीम घेण्यात शहाणपण आहे. ते आधीच गोड असते, तेव्हा साखर कमी करावी. पण जो स्निग्धांश उकाड्यात घट्ट राहतो तो तोंडातही उशिरा वितळतो. जिभेवर मेणासारखा थर राहतो आणि कॉफीची चव त्याखाली दबते. दुधाची मलई तोंडात लगेच वितळते, म्हणून कॉफी, दूध आणि स्पंज यांची चव एकदम येते. घरी करून घरीच वाढायचे असेल तर फ्रीजमधला बारा तासांचा वेळ दुधाच्या मलईला पुरेशी घट्ट करतो. टिकाऊपणा विकत घेण्याची गरज त्या वेळाने संपवलेली असते.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा: अंडे नाही, मस्कार्पोने नाही, मग याला तिरामिसू म्हणायचेच कशाला? नावाबद्दल माझा आग्रह नाही. बलकाने येणारी चव चक्क्याने येत नाही, हेही खरे. त्या जागी एक ताजी, किंचित आंबट छटा येते. पण मूळ कृतीतला बलक कच्चा असतो, आणि उकाड्याच्या प्रदेशात, दारे सतत उघडणाऱ्या फ्रीजमध्ये, लहान मुले आणि वृद्ध ज्या ताटाला बसतात तिथे कच्चे अंडे दोन दिवस ठेवणे जोखमीचे आहे. अंड्याविना कृती इथे केवळ धार्मिक सोय नाही, हवामानाला धरून घेतलेला निर्णय आहे. ज्या पदार्थाची ओळख भिजलेल्या स्पंजने आणि त्यावरच्या हलक्या मलईने ठरते, त्याची ती ओळख कोरडेपणा आणि थंडावा नीट सांभाळले तर शाबूत राहते.

हे म्हणणे बरोबर आहे की नाही याचा पुरावा भांड्याच्या तळाशी सापडतो. काचेचे भांडे घ्यावे ते यासाठीच. पहिल्या तासा-दोन तासांतच तळाशी तपकिरी पाणी दिसले तर फिंगरने पेलवण्यापेक्षा जास्त कॉफी घेतली आहे, दोष भिजवण्याचा. तळ आधी कोरडा होता आणि दुसऱ्या दिवशी पांढुरके, निवळीसारखे पाणी सुटले तर दोष मलईचा. चक्का पुरता निथळला नव्हता किंवा मलई जास्त फेटली गेली. पाणी कुठेच नाही पण फिंगरचा गाभा पिठूळ लागतो, तर ती कमी भिजली किंवा लवकर बाहेर काढली. आणि कापताना थर एकमेकांवरून घसरले तर मलई लावताना कोमट होती. या चारही दोषांत अंड्याच्या अभावाचा थेट दोष एकही नाही. प्रत्येक वेळी गडबड पाण्याच्या मापात, वेळेत किंवा तापमानात सापडते, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

म्हणून लक्ष्मीपूजनाच्या रात्री वाढायचे असेल तर काम दोन दिवस आधी सुरू करावे. पहिल्या दिवशी स्पंज भाजून वाळवावा, फिंगर डब्यात बंद कराव्यात, रात्री दही टांगावे आणि क्रीम फ्रीजच्या मागच्या भागात सरकवावे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉफी थंड करून थर लावावेत. तिसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत भांडे उघडू नये, वीज गेली तर फ्रीजचे दारही उघडू नये. कोको पावडर आदल्या दिवशी चाळून ठेवण्याचा मोह टाळावा. अलोऱ्याच्या हवेत थंड भांड्याचे झाकण निघताच मलईवर दव धरते आणि कोको काळा, चिकट होतो. तो पंगत बसल्यावरच चाळावा आणि वीस मिनिटांत सगळे वाढून मोकळे व्हावे.